ब्लँक व्हर्स म्हणजे मुक्तछंद का?

तर्जुमा
वर्ड्‌सवर्थच्या 'मायकेल' (1800) या दीर्घकवितेचा अनुवाद करते आहे. प्रस्तावनेत ब्लँक व्हर्ससाठी मी 'निर्यमक छंद' लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून 'मुक्तछंद' केलं, कारण म्हणे वाचकाला तोच शब्द माहीत असतो. पण मूळ कविता मुक्त नाही. ओळीत दहा अवयव म्हणजे उच्चाराचे तुकडे आहेत, आघात पाच. नाही ते फक्त यमक. मी स्वतः चौदा अक्षरांची ओळ धरली आहे, आठावर यती, म्हणजे ओळीतला थांबा. मग मुक्तछंद कसं म्हणू? दुसरा एखादा रुळलेला शब्द आहे का?

निळी शाई
आहे की, 'अमित्राक्षर'. बंगाली कवी मायकेल मधुसूदन दत्तांनी 'मेघनादवध' (1861) त्यातच लिहिलं. अमित म्हणजे न मोजलेलं. ज्यात अक्षरं मोजायची नाहीत तो छंद. म्हणजे तुमच्या संपादकांचंही फारसं चुकलेलं नाही.

चरणधूळ
शब्द चांगला सुचवलात, पण फोड तशी नाही. अमित + अक्षर केलं तर 'अमिताक्षर' होईल, मग मधला र कुठून आला? तो 'मित्र'मधला आहे. दोन ओळींच्या शेवटी जुळणारी अक्षरं एकमेकांची मित्र, म्हणून यमकाची रचना मित्राक्षर आणि बिनयमकाची अमित्राक्षर. अक्षरं तर दत्तांनी काटेकोर मोजली आहेत, पयार या जुन्या बंगाली छंदातली तीच चौदा. त्यांनी यमक सोडलं आणि वाक्य ओळीच्या शेवटी थांबलंच पाहिजे ही सक्ती काढून टाकली. माझ्या मते दुसरी गोष्ट जास्त मोठी आहे, आणि 'निर्यमक' या शब्दात नेमकी तीच येत नाही.

कोरी पाटी
माझं मत थोडं वेगळं आहे. यमक नको, बोलल्यासारखं हवं, तर सरळ गद्यात लिहा आणि गद्यकाव्य म्हणा. सावरकरांचं वैनायक आहे, अनिलांचा मुक्तछंद आहे, इतकी नावं असताना नव्या संज्ञेची गरजच काय?

चरणधूळ
वैनायक हे एका विशिष्ट रचनेचं नाव आहे, त्यात वर्ड्‌सवर्थ बसवता येणार नाही. आणि गद्य केलं तर काय जातं ते ओळीवरच पाहू. तर्जुमा, शेवटाकडची ती दगडाची ओळ तुम्ही कशी केलीत?

तर्जुमा
ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते. म्हातारा मेंढपाळ आणि त्याचा मुलगा ल्यूक मिळून मेंढवाडा बांधणार असतात. मुलाला शहरात जावं लागतं. आदल्या संध्याकाळी बाप त्याच्याकडून पायाचा एक दगड ठेवून घेतो. मुलगा शहरात बिघडतो, देश सोडून पळतो. त्यानंतर म्हातारा त्या जागी जात राहतो. मूळ ओळ अशी: 'अँड नेव्हर लिफ्टेड अप अ सिंगल स्टोन'. माझ्या दोन ओळी:

दिवसामागून दिस तिकडे जाई तो
आणि उचलला नाही एकही दगड

चरणधूळ
दुसरी ओळ फार चांगली उतरली आहे. मुळात तिच्या आधीची ओळ 'दॅट मेनी अँड मेनी अ डे ही दिदर वेंट' अशी आहे. बोटांवर मोजली तर बारा अवयव भरतात, दोन जिभेखाली दाबून म्हणावे लागतात. सांगणाऱ्याचा आवाज जरा भरून येतो, ओळ काठोकाठ होते. लगेच पुढची ओळ मोजून दहाची, साधी, तिच्यात कुठे काही सांडत नाही. ती इतकी कोरडी लागते ती आधीच्या ओळीमुळे. माप असल्याशिवाय हा फरक कानाला कळणार नाही. गद्यात हेच जातं.

आता यमक घालून पाहा:

जाई तो तिथे रोजच, वाट अवघड
आणि उचलला नाही एकही दगड

अक्षरं चौदाच आहेत. पण त्या जागी कवी वाटेबद्दल काहीच बोलत नाही, 'अवघड' आलं ते फक्त दगडासाठी. शिवाय 'अवघड' ऐकलं की कान पुढच्या जुळणीची वाट पाहू लागतो, आणि दगड नेमका हवा तिथे येऊन बसतो. ज्या ओळीत काहीच घडत नाही तिथे काहीतरी जमून आल्याचं समाधान मिळतं. गोष्ट तिथेच बिघडते.

रंगपीठ
मी रंगमंचावर काम करतो, माझा अनुभव सांगतो. एका पद्यनाटकात आम्ही सगळे प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबायचो. दिग्दर्शकांनी संहिता सलग गद्यासारखी टंकून हातात दिली, तेव्हा बोलणं सुटलं. पण आठवड्याभरात सगळी पात्रं एकसारखी बोलू लागली. मग पुन्हा ओळींची संहिता आली, सूचना एकच: ओळ संपलेली कळू दे, पण श्वास वाक्य संपल्यावर घ्या.

आणखी एक. तुमची दगडाची ओळ मी मोठ्याने म्हणून पाहिली. कागदावर चौदा अक्षरं आहेत, पण तोंडात अकराच भरतात. उ-चल-ला, एक-ही, द-गड. गाऊन म्हटलं तरच चौदा होतात. मग तुम्ही मोजता ते नक्की काय?

तर्जुमा
हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून छळतो आहे. मराठीत इंग्रजीसारखा आघात धरता येत नाही, म्हणून लिहिलेली अक्षरं धरली. बोलताना अकारान्त अक्षरं मिटतात, त्यामुळे एक ओळ अकराची, दुसरी तेराची ऐकू येते.

चरणधूळ
ती लवचीकता राहू द्या. मापाच्या आतली ती बोलीच आहे. मला जास्त काळजी बापाच्या बोलण्याची आहे. ते कसं केलंत?

तर्जुमा
हे काम आपलं होतं, आतापासून ते
माझ्या एकट्याचं. पण एक धोंडा ठेव

चरणधूळ
'धोंडा' कशाला?

तर्जुमा
'दगड' घातलं तर एक अक्षर वाढतं.

चरणधूळ
तिथे मोजणीने तुमचा घात केला. मुळात बाप ठेवायला सांगतो तोही 'स्टोन' आणि शेवटी उचलला जात नाही तोही 'स्टोन'. या कवितेत यमकाचं काम हा परत आलेला शब्द करतो, तोही इतक्या ओळींनंतर. धोंडा ठेवलात तर शेवटचा दगड कुठलाही दगड होईल. वाक्य पुढच्या ओळीत जाऊ द्या:

हे काम आपलं होतं, आतापासून ते
माझ्या एकट्याचं. पण ठेव इथे तूच
एक दगड, लेकरा, तुझ्या हातांनीच

पूर्णविराम सहाव्या अक्षरावर आहे आणि यती आठव्यावर. मध्ये 'पण' एकटा उरतो. बाप तिथे अडखळतो, आणि ते शब्दांत सांगावं लागत नाही.

तर्जुमा
वाचून बराच वेळ नुसती बसून राहिले. घेते आहे. 'तूच' आणि 'हातांनीच' असे दोन 'च' जवळजवळ येतात, ते मात्र पाहावं लागेल.

निळी शाई
अमित्राक्षराची फोड मान्य. पण 'दिस' मला खटकतो. तोही अक्षरासाठीच आणलाय ना? बोलण्याची लय हवी म्हणता, मग कविता सांगणारा माणूस 'दिस' कसा म्हणेल? म्हणालाच तर बाप म्हणेल.

कोरी पाटी
मेंढपाळाची कविता आहे, 'दिस' शोभतो. उलट सगळीच भाषा तशी हवी.

रंगपीठ
सगळीच तशी केली तर बाप कोण आणि सांगणारा कोण हे ऐकणाऱ्याला कळणार कसं? मी 'दिस' काढला असता.

तर्जुमा
'दिवस' घातलं की नऊ अक्षरं होतात आणि यती सरकते. काल रात्री अकरा वेगवेगळ्या ओळी करून पाहिल्या. 'रोज' घातलं तर ओळ बसते, पण त्या 'मेनी अँड मेनी'मधली भर जाते. प्रस्तावना परवा द्यायची आहे, आणि तिथे अजून 'मुक्तछंद'च छापलेलं आहे.

चरणधूळ
नऊ होऊ द्या की. मूळ ओळही तिथे मापाबाहेर सांडतेच आहे.

निळी शाई
मग त्याला अमिताक्षर म्हणायचं का?