मदत हवी आहे: जेवणघरातून बागेत उतरायचं कसं?

एकमजली वृद्धाश्रमाचा आराखडा करतोय. सामायिक जेवणघर बागेपेक्षा ४५० मिमी उंच आहे. १:१२ उताराचा रॅम्प ५.४ मीटरमध्ये बसतो, पण वॉकर घेऊन उतरणाऱ्यांना तो तीव्रच वाटणार. १:२० धरला तर ९ मीटर लागतात आणि तो थेट नर्सिंग रूमच्या खिडकीसमोर येतो. रॅम्पच्या कठड्यामुळे त्या खिडकीतून बागेतल्या फेरीच्या वाटेचा मागचा भाग दिसत नाही, आणि विस्मरण असलेले आजी-आजोबा नेमके तिकडेच रेंगाळणार! वाट कुठेही बंद न होता जेवणघराच्या दाराशीच परत येते, तेवढं जमलंय.

रॅम्प भिंतीलगत वळवावा, की जेवणघराची जमीनच खाली घ्यावी? खाली घेतल्यास पावसाचं पाणी अडवायला दारापुढे जाळीची नाली पुरते का? कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा.