अल्बमच्या पानावरचे चार फोटो एका क्लिकमध्ये सुटे होतात?

दुपारउन्ह: सगळा अल्बम पानापानाने स्कॅन केला. एकेक पान फोटोशॉपमध्ये उघडून File > Automate > Crop and Straighten Photos दाबलं, की फोटो सरळ होऊन वेगवेगळे हजर. लोक हाताने चौकटी आखत का बसतात, कळत नाही. काम झाल्यावर पानांची मूळ स्कॅन पुसूनही टाकली, एकेक फाइल शंभर एमबीची होती.

बारीकनजर: मूळ स्कॅन पुसली हे वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमची पानं काळी असणार, आणि फोटोंमध्ये चांगली जागा असणार. तशा पानावर ही आज्ञा उत्तम चालते, वाद नाही. आता माझ्यासमोरचं पान बघा. जुनाट क्रीम कागद, 600 डीपीआय, चार फोटो. वरचे दोन छोटे फोटो जवळजवळ चिकटून लावलेले. खाली डावीकडे समुद्रकिनारा, त्याला कड नाही. उजवीकडे पांढऱ्या कडेचा एक, जरा तिरका. त्याच्याखाली शाईने लिहिलेली ओळ.

हीच आज्ञा दिली. फाइली मोजल्या तर बरोबर चार! उघडून पाहिल्या तेव्हा कळलं. वरचे दोन फोटो मिळून एक फाइल झाली होती, कारण मधल्या फटीत सावली पडली आणि प्रोग्रामला तिथे पान दिसलंच नाही. किनाऱ्याचं आकाश इतकं फिकट, की त्याने ते पान समजून टाकून दिलं आणि फोटो क्षितिजापासून खाली कापला. तिरक्या फोटोची पांढरी कड पानात विरली. आणि चौथी फाइल म्हणजे ती शाईची ओळ. आकडा जुळला म्हणून कुणी न उघडता पुढे गेलं असतं, तर आकाश कायमचं गेलं असतं. मूळ पान पुसल्यावर ते आणणार कुठून?

दुपारउन्ह: माझी बहुतेक पानं काळीच आहेत. आणि मी फाइली उघडून पाहिल्यात. तुमच्या पानाचा राग माझ्या पद्धतीवर कशाला काढता?

झटपट: उगाच मोठं करून ठेवलंय. इमेजमॅजिकला सांगा, सरळ करून देतं:

```
magick foto.tif -deskew 40% saral.tif
```

आधी ढोबळ चौकोन कापा, मग सगळ्या फाइलींवर हे चालवा. मी ऑफिसची हजारो कागदपत्रं अशीच सरळ केली, एकही तक्रार नाही.

बारीकनजर: कागदपत्रांवर चालतं, कारण तिथे मजकुराच्या ओळी असतात आणि त्या आज्ञेला अशाच समांतर रेषा हव्या असतात. फोटोत ओळी कुठून येणार? तिला जी ठळक रेषा सापडेल ती ती आडवी करायला जाते. उतरत्या छपराचा फोटो देऊन बघा. कागद सरळ लावलेला असला तरी छपराच्या नादाने अख्खा फोटो कलंडतो. कोन फोटोच्या आतून काढायचा नसतो, कागदाच्या कडेवरून काढायचा असतो.

कोडकर: दोघंही मूळ दुखण्याला हात लावत नाही आहात. कड सापडत नाही ती स्कॅन करतानाच हरवलेली असते. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑटो एक्स्पोजर चालू असेल तर ते पानातला सगळ्यात उजळ भाग थेट 255 वर नेऊन ठेवतं. मग क्रीम कागदही 255, फोटोची पांढरी कडही 255, उडालेलं आकाशही 255. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ते बंद करा आणि पांढऱ्याची मर्यादा हाताने वर ठेवा. स्कॅन थोडं मळकट दिसेल, दिसू द्या. जुना कागद पिवळसर असतो, फोटोची कड तेवढी पिवळी नसते. डोळ्याला हा फरक जेमतेम कळतो, पण आकड्यांत तो असतो.

मग पायथनमध्ये ओपनसीव्हीने प्रत आठपट लहान करून पानाच्या रंगापासून कोण किती दूर आहे तेवढंच मोजायचं. पानाचा वरचा पट्टा मोकळा आहे असं धरलंय:

```python
small = cv2.resize(page, None, fx=0.125, fy=0.125,
                   interpolation=cv2.INTER_AREA)
lab = cv2.cvtColor(small, cv2.COLOR_BGR2LAB).astype("float32")
bg = np.median(lab[:20].reshape(-1, 3), axis=0)
mask = (np.linalg.norm(lab - bg, axis=2) > 12).astype("uint8") * 255
```

तो 12 प्रत्येक अल्बमला वेगळा लागतो, मास्क डोळ्यांनी बघून ठरवा. `findContours` ला `RETR_EXTERNAL` दिलं की फक्त बाहेरची रेघ मिळते, त्यामुळे फोटोच्या मधोमध पांढरा सदरा असला तरी बिघडत नाही. बिघडतं ते फिकट भाग कडेला भिडतो तेव्हाच. ठरावीक क्षेत्रफळापेक्षा लहान तुकडे वगळले की शाईच्या ओळी गळतात. हे सगळं फक्त कड शोधण्यापुरतं. कोपऱ्यांचे आकडे आठने गुणायचे आणि कापायचं ते मूळ मोठ्या स्कॅनमधून, फिरवणं आणि कापणं एकाच खेपेत. दरवेळी फिरवलं की पिक्सेल नव्याने मिसळले जातात, बारीक तपशील मऊ पडतो. ढोबळ कापा, फिरवा, परत कापा, पुन्हा जरा फिरवा, आणि दरवेळी जेपेगमध्ये सेव्ह, असं करणाऱ्यांचे फोटो लगेच ओळखू येतात.

आठवणवही: माझ्या अल्बमवर चिकट पानं आहेत, वर प्लॅस्टिक. फोटो लालसर झालेत. ह्या कोडने रंग परत येईल का? आणि प्लॅस्टिकवर पांढरे पट्टे येतात ते कसे काढायचे?

कोडकर: ताई, रंगाचा विषय वेगळा आहे, हे कोड रंगाला हातही लावत नाही. पट्टे म्हणजे प्लॅस्टिकवरची चमक. ती फोटोच्या कडेवरून गेली तर कड तुटते आणि एकाचे दोन फोटो होतात. प्लॅस्टिक सहज उचललं जात असेल तर उचलून स्कॅन करा. फोटो पानाला घट्ट चिकटला असेल तर ओढू नका.

झटपट: बरं, -deskew फोटोंना नको, मानलं. पण मग `minAreaRect` आहेच की. चौकोनही देतं, कोनही देतं. संपला विषय.

कोडकर: नाही संपत. ते सगळ्यात बाहेरच्या बिंदूंना धरून चौकोन आवळतं. फोटोला कागदी कोपरे लावलेले असतील, एखादा कोपरा दुमडला असेल किंवा एका बाजूला सावली पडली असेल, तर तेवढ्याने अख्खा चौकोन तिरका होतो. मी लांब कडेचे दोन्ही टोकांचे तुकडे सोडून देतो आणि मधल्या भागातून सरळ रेघ बसवतो. कातरलेल्या नक्षीच्या कडांनाही हेच चालतं. आणि जुनं कोड उचलून वापरणार असाल तर ओपनसीव्ही 4.5.1 पासून त्या कोनाची मोजणी बदलली आहे. फोटो आडवे पडून बाहेर आले तर आधी तिथे बघा.

जुनीकड: सगळे कड शोधताय आणि शोधून झाल्यावर फेकून देताय! पांढरी कड हा फोटोचा भाग आहे. कित्येक जुन्या फोटोंच्या कडेवर महिना आणि साल छापलेलं असतं. आमच्या घरातल्या एका फोटोवरून दोन काकांमध्ये वर्षानुवर्षं वाद होता, लग्नाआधीचा की नंतरचा. कडेवरच्या सालाने तो मिटला. तुमच्या 'स्वच्छ क्रॉप'मध्ये ते साल पहिलं उडालं असतं.

झटपट: साल फाइलच्या नावात लिहा आणि कड कापा. पडद्यावर ती पिवळी पट्टी कुणाला बघायचीय? फोटो म्हणजे आतलं चित्र.

जुनीकड: फाइलच्या नावात तुम्ही लिहिलेलं साल म्हणजे तुमचं म्हणणं. कडेवरचं साल हा पुरावा. हा फरक कळत नसेल तर दुसऱ्यांचे अल्बम हातात घेऊ नका.

झटपट: दुसऱ्यांचे कोण घेतंय? माझ्या आईचे आहेत. मी काय कापायचं ते मला शिकवू नका.

बारीकनजर: भांडणात एक खरी अडचण हरवतेय. कडेचे फोटो दोन प्रकारे तिरके असतात. एक, कागद पानावर तिरका लावलेला. दुसरं, छापतानाच चित्र कागदावर जरासं तिरकं बसलेलं, म्हणजे डावीकडे कड रुंद होत जाते आणि उजवीकडे निमुळती. सहा इंच लांबीवर एक अंशाचा फरक म्हणजे टोकाला 2.7 मिलिमीटर, 600 डीपीआयला सुमारे 63 पिक्सेल. नजरेला लगेच खुपतं. कड ठेवायची तर कागद सरळ करा आणि आतलं चित्र तिरकं राहू द्या. कड कापायची तर चित्राच्या चौकटीवरून सरळ करा. एकाच फाइलमध्ये दोन्ही होत नाही. मी कडेसकट फाइल जपते आणि बघायला कड कापलेली वेगळी काढते, दोन्ही मूळ पानावरूनच.

झटपट: म्हणजे प्रत्येक फोटोच्या दोन फाइली, शिवाय पानाची तिसरी. कोण करणार एवढं?

जुनीकड: ज्याला साल हवंय तो करेल.

दुपारउन्ह: ऑटो एक्स्पोजर बंद करून एक फिकट पान परत स्कॅन केलं. कड दिसायला लागली, हे कबूल करतो. पण एक फोटो अजूनही मधून दोन होतोय, झाडाच्या दोन्ही बाजूंना नुसतं आकाश आहे. त्याचं काय?

बारीकनजर: त्या फोटोभोवती थोडं पान येईल असं सिलेक्शन करा आणि Alt धरून तीच आज्ञा द्या, मॅकवर Option. मग आतमध्ये एकच फोटो आहे असं ती धरून चालते. तरी कोन चुकला तर रूलर टूलने कागदाच्या लांब कडेवर टोकापासून टोकापर्यंत रेघ ओढा आणि वर Straighten Layer दाबा. आखूड कडेवर ओढू नका, तिथे हात किंचित हलला तरी कोन जास्त चुकतो. गिंपच्या मेझर टूललाही Straighten आहे. आणि पुसलेली पानं परत स्कॅन करा, अल्बम हाताशी आहे तोवर.

दुपारउन्ह: फिकट पानं करेन. काळ्या पानांचे फोटो नीट निघालेत, ती परत करणार नाही.

जुनीकड: काळ्या पानांवर फोटोखाली पांढऱ्या शाईत काही लिहिलेलं होतं का?

दुपारउन्ह: होतं, काही पानांवर. नावं आहेत.

जुनीकड: मग तीही करा.