एक्स्पायर झालेल्या लिंकवर पेमेंट आलंय, कसं जुळवायचं?

दुकानवाली: कस्टमरला पाठवलेली लिंक संध्याकाळी ६ ला संपत होती. त्याच्या बँकेचा मेसेज ६:०३ चा आहे, पैसे कापले गेलेत. माझ्याकडे लिंकपुढे नुसतं "Expired". तो स्क्रीनशॉट पाठवून माल मागतोय, आणि त्याच रकमेच्या आणखी दोन ऑर्डरी आज आल्यात. काय करू?

निवांत_गडी: लिंक संपली म्हणजे पैसे आपोआप परत जाणार. त्याला नवीन लिंक पाठवून दे, विषय संपला.

हिशेबनीस: नवीन लिंक इतक्यात अजिबात नको, दोनदा पैसे घेऊन बसशील. लिंक संपली की नवीन कोणी आत शिरू शकत नाही, पण ५:५८ ला पे दाबून जो ओटीपीच्या पानावर अडकला त्याचं बँकेकडचं उत्तर ६ नंतरही येऊ शकतं. मग लिंक एक्स्पायर्ड दिसते आणि पेमेंट दुसरीकडेच पडलेलं असतं. लिंकची यादी सोड, डॅशबोर्डमध्ये पेमेंट्स किंवा ट्रान्झॅक्शन्स उघड आणि ५:४५ ते ६:१५ बघ, आधी तिथली वेळ कुठल्या टाइमझोनची आहे ते तपास, नाहीतर तासन्‌तास चुकीच्या ठिकाणी शोधत बसशील. रक्कम सारखी असेल तर त्यावर जाऊ नकोस, कस्टमरकडून बँकेचा रेफरन्स नंबर टाइप करून माग आणि कार्ड असेल तर शेवटचे चार आकडे. स्क्रीनशॉट कोणीही बनवतं, त्यावर माल सोडू नकोस.

भटकी_मांजर: माझेपण असेच अडकलेत, दुकानदार फोनच उचलत नाही, किती दिवसांत परत येतात??

हिशेबनीस: @मांजर तू कस्टमर आहेस, इथे दुकानाचा प्रश्न चाललाय. तू बँकेत तक्रार टाक.

दुकानवाली: सापडलं! ६:०३ ला एक एंट्री आहे, रेफरन्स जुळतो, ईमेलपण त्याचाच. पण स्टेटस "Authorized" आहे, बाकीच्यांचं "Captured". बँक स्टेटमेंटमध्ये तर काहीच नाही.

हिशेबनीस: म्हणजे रक्कम त्याच्या बँकेने अडवून ठेवलीय, तुझ्याकडे आलेली नाही. कॅप्चर केलं नाहीस तर मुदत संपल्यावर सुटून त्याच्याकडे परत जाईल, गड्याचं तेवढं बरोबर आहे. माल द्यायचा असेल तर आत्ता कॅप्चर कर, स्टेटस बदललं की कस्टमरला कळव आणि पेमेंट आयडी ऑर्डरच्या नोटमध्ये टाक. बँक स्टेटमेंटमध्ये ही रक्कम जशीच्या तशी बहुतेक दिसणारच नाही, फी कापून इतरांबरोबर एकगठ्ठा येते, त्यामुळे सेटलमेंट रिपोर्टमध्ये आयडी शोधायचा.

निवांत_गडी: आणि माल संपलाच असेल तर?

हिशेबनीस: मग कॅप्चर न करता रद्द कर. कॅप्चर झालं असेल तर रिफंड त्याच पेमेंटवरून, "दुसऱ्या खात्यात टाका" म्हणाला तरी नाही.

दुकानवाली: कॅप्चर केलं, झालं. पण बिलिंगचं सॉफ्टवेअर अजून ऑर्डर रद्दच दाखवतंय, हाताने पेड केली तर रात्रीच्या सिंकमध्ये परत उलटेल का?

हिशेबनीस: ते सॉफ्टवेअरवर आहे गं. उद्या सकाळी बघून इथे सांग.