मदत हवी आहे: ग्रहांवरून वारांचा क्रम काढताना रविवार-सोमवार उलटे येतात

पिंपळपान

आठवीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ‘वारांची नावं कुठून आली’ असा तक्ता करायचा आहे. सात ग्रह वर्तुळात मांडायचे आणि मधले दोन सोडून तिसऱ्यावर उडी मारत गेलं की वार मिळतात, एवढं माहीत आहे. त्याप्रमाणे बाहेरून आत असा क्रम घेतला: शनी, गुरू, मंगळ, पृथ्वी, शुक्र, बुध, सूर्य. पृथ्वीचा वार नसतो, म्हणून तिच्या जागी चंद्र लिहिला. उड्या मारल्यावर आलं ते असं: शनी, सोम, रवी, मंगळ, बुध, गुरू, शुक्र. बाकी सगळं जागच्या जागी आणि रवी-सोम तेवढे उलटे! कुठे चुकतंय?

दुसरं म्हणजे, मुळात सातच दिवस का, हे कुणीतरी विचारणारच. तक्ता शुक्रवारी छापायला द्यायचा आहे.

कोकणकडा

सातचं उत्तर चंद्रात आहे. अमावास्या ते अष्टमी सात दिवस, तिथून पौर्णिमा सात दिवस, परत तसंच. चार आठवडे म्हणजे एक महिना. तक्त्यावर चंद्राच्या चार कला काढा, काम झालं. वारांच्या क्रमाचं मात्र मला नाही सांगता येणार.

मध्यमग्रह

पिंपळपान, तुमची गोची पृथ्वीमुळे झाली आहे. तुम्ही सूर्य मध्ये धरून आजचा क्रम घेतलात. वार बसवणाऱ्यांच्या विश्वात पृथ्वी मधोमध होती आणि ग्रह ओळीत लावायला त्यांच्याकडे एकच माप होतं: राशिचक्राची फेरी कोण किती सावकाश करतो. शनीला साधारण साडेएकोणतीस वर्षं, गुरूला जवळजवळ बारा, मंगळाला ६८७ दिवस, सूर्याला एक वर्ष, चंद्राला सव्वासत्तावीस दिवस. जो सावकाश तो लांब, जो चपळ तो जवळ.

यात बुध आणि शुक्र अडचण करतात. ते सूर्याला सोडून फार लांब जातच नाहीत, त्यामुळे सरासरीने त्यांचीही फेरी वर्षाचीच भरते आणि नुसत्या या मापाने तिघांत पुढेमागे ठरत नाही. प्लेटोने चंद्रानंतर लगेच सूर्य ठेवला होता. पुढच्या काळातल्या ग्रीक ज्योतिषात सूर्य सातांच्या मधोमध आला आणि शुक्र-बुध त्याच्या खाली गेले. वारांमागे आहे तो हा नंतरचा क्रम: शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र. प्लेटोचा क्रम घेऊन उड्या मारून पाहा, शनिवारनंतर थेट बुधवार येतो.

आता तुमची यादी याच्याशेजारी ठेवा. फरक फक्त सूर्य आणि चंद्र यांच्या अदलाबदलीचा आहे, म्हणून उत्तरातही तेवढेच दोन उलटे आले. आणखी एक चूक नेहमी होते, तीही सांगून ठेवतो. जुन्या ग्रंथांत ‘चौथा’ ग्रह घ्यायला सांगितलेलं असतं, पण ते सुरुवातीचा ग्रह धरून मोजतात. म्हणजे उड्या तीनच. कुणी चार घरं पुढे गेलं तर शनी, शुक्र, गुरू, बुध अशी आठवड्याची उलटी माळ तयार होते. तसं दिसलं की चूक मोजण्यात आहे, क्रमात नाही, हे ओळखायचं.

पिंपळपान

जमलं! पण उडी तिनाचीच का? मुलांना ‘असा नियम आहे’ एवढंच सांगायचं नाहीये.

मध्यमग्रह

तीन हा चोविसाला सातांनी भागून उरलेला आकडा आहे. दिवसाचे चोवीस होरे, प्रत्येक होऱ्याला एक ग्रह स्वामी, आणि पहिल्या होऱ्याचा जो स्वामी त्याचंच नाव दिवसाला. शनिवार करून बघा. पहिला होरा शनीचा, मग गुरू, मंगळ असं सातव्याला चंद्रापर्यंत यायचं. आठव्याला परत शनी, पंधराव्याला शनी, बाविसाव्यालाही शनी. तेवीस गुरू, चोवीस मंगळ. दिवस संपला. दुसऱ्या दिवशीचा पहिला होरा आपोआप सूर्याचा, म्हणून रविवार. त्या दिवसाचा चोविसावा होरा बुधाचा येतो आणि पुढचा दिवस चंद्राचा सुरू होतो.

तक्त्यावर नुसता सात टोकांचा तारा काढण्यापेक्षा शनिवारचे चोवीस चौकोन रंगवा आणि पंचविसावा मोकळा ठेवा. तो मुलांनी भरायचा.

रोमन इतिहासकार डिओ कॅसियस तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला हीच रीत सांगतो आणि ती इजिप्तची म्हणतो. जोडीला संगीतातल्या चौथ्या सुराचं दुसरं स्पष्टीकरणही देतो. पण वार त्याच्या आधीपासून चालू होते. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेईत भिंतीवर खरवडलेली वारांची यादी सापडली आहे आणि ती शनीपासून सुरू होते.

कोकणकडा, चंद्राचं अर्धंच जमतं. महिना साडेएकोणतीस दिवसांचा, त्याचा चौथा भाग सात दिवस नऊ तास. चार आठवड्यांत दीड दिवस मागे पडतो. दोन-तीन महिन्यांत तुमचा सोमवार अष्टमीवरून भलतीकडे जातो. चंद्रामुळे सात आकडा सुचला असेलही, पण आठवडा चंद्राला विचारत नाही, तो अखंड पुढे जातो. असा अखंड सात दिवसांचा फेरा ज्यूंकडे होता, सहा दिवस काम आणि सातवा शब्बाथ. त्यांच्या वारांना ग्रहांची नावं नव्हती. ग्रहांचा आठवडा वेगळ्या वाटेने आला, सात हलत्या ज्योतींमुळे. रोमन साम्राज्यात दोन्ही एकमेकांवर बसले आणि शब्बाथ शनीच्या दिवशी आला. त्याआधी रोमचा बाजार आठ दिवसांच्या फेऱ्याने भरायचा. इसवी सन ३२१ मध्ये कॉन्स्टंटाइनने सूर्याच्या दिवशी सुट्टी जाहीर केली, तोवर सात दिवसांचं पारडं जड झालं होतं.

साठघटिका

सगळं ग्रीकांच्या आणि इजिप्तच्या पदरात टाकू नका. आपल्याकडे अहोरात्राच्या साठ घटिका. साठाला सातांनी भागा, बाकी चार. चंद्रापासून वर चढत चार-चार घरं जा: चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, रवी. तंतोतंत आपले वार! मग चोवीस होऱ्यांची गरजच काय?

मध्यमग्रह

गणित बरोबर आहे आणि मजेशीरही. चंद्रापासून वर चार घरं काय, शनीकडून खाली तीन घरं काय, सातांच्या वर्तुळात एकच गोष्ट. म्हणूनच नुसत्या गणिताने निकाल लागत नाही, ग्रंथ काय म्हणतात ते पाहावं लागतं. आर्यभटीयात, म्हणजे इसवी सन ४९९ च्या सुमारास, कालक्रियापादात शनीपासून उतरत्या क्रमाने होरेश सांगितले आहेत आणि त्यांतला चौथा तो सूर्योदयापासून दिवसाचा स्वामी, असं म्हटलं आहे. तिथे घटिकांचे स्वामी नाहीत, होऱ्यांचे आहेत.

शिवाय वेदांग ज्योतिषात तिथी आहेत, नक्षत्रं आहेत, वार नाहीत. वैदिक यज्ञांत सहा दिवसांचा षडह आहे, सात वारांचा फेरा नाही. वाराचा उल्लेख असलेला आपला जुना आणि नेहमी दाखवला जाणारा शिलालेख मध्य प्रदेशातल्या एरणचा, बुधगुप्ताच्या काळातला: गुप्त संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, सुरगुरूचा दिवस. ही तारीख २१ जून ४८४. ज्युलियन दिनसंख्या, म्हणजे दिवसांची सलग मोजणी, काढली तर १८९८०११ येते. सातांनी भागून बाकी तीन, आणि बाकी शून्य म्हणजे सोमवार, तेव्हा तीन म्हणजे गुरुवार. शिलालेख आणि आजचा आठवडा एकाच माळेत आहेत.

साठघटिका

शिलालेख मान्य. पण ग्रंथात लिहिलं गेलं त्याच्या आधी लोक काय मोजत होते, ते ग्रंथावरून कसं कळणार? माझं मत मी राखून ठेवतो.

सुमेधा_ठाणे

इथे जाणकार दिसतायत म्हणून विचारते. भाचीचा जन्म शनिवारी पहाटे एक वाजता झाला. दाखल्यावर शनिवार आहे, गुरुजींनी पत्रिकेत शुक्रवार लिहिलाय. चूक कुणाची? आणि मोबाइलवर होरा बघते तो पंचांगाशी जुळत नाही.

मध्यमग्रह

सुमेधाताई, चूक कुणाचीच नाही. पंचांगाचा वार सूर्योदय ते सूर्योदय, दाखल्याचा मध्यरात्र ते मध्यरात्र. पहाटे एकला सूर्य उगवला नव्हता, म्हणून पंचांगात शुक्रवारच.

होऱ्याचं असं की काही ठिकाणी सूर्योदयापासून सरळ साठ-साठ मिनिटं मोजतात, काही ठिकाणी दिनमानाचे बारा आणि रात्रीचे बारा भाग करतात. समजा सूर्योदय ६.१० ला आणि सूर्यास्त संध्याकाळी ६.५० ला आहे. दिनमान ७६० मिनिटं, एक होरा ६३ मिनिटं २० सेकंदांचा. पाचव्या-सहाव्या होऱ्यापर्यंत दोन्ही रीतींत पंधरा-वीस मिनिटांचा फरक पडतो. कोणत्याही रीतीने होरे चोवीसच राहतात, त्यामुळे वारांचा क्रम हलत नाही. होऱ्यात खरेदी करावी का, हे मला विचारू नका.

मांडवी

गोव्याची भर घालते. पोर्तुगीज भाषेत सोमवार ते शुक्रवार नावांत ग्रह नाहीत, दुसरा, तिसरा असे आकडे आहेत. एवढी वर्षं ती भाषा राज्य करत असूनही आमच्या कोंकणीत आयतार, सोमार, मंगळार, बिरेस्तार टिकले. बिरेस्तार म्हणजे बृहस्पतीच. चर्चची सूचनाही आयताराचीच असते.

पिंपळपान

सगळ्यांचे आभार. चोवीस चौकोनांचा पट्टा करतेय. एक शेवटचं: वर्तुळात सगळ्यांत वर कोण ठेवू, शनी की रवी? मुलं रविवारपासून आठवडा मोजतात.

मध्यमग्रह

वर शनी ठेवा, कारण होऱ्यांची मोजणी तिथून सुरू होते, आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने उतरता क्रम लिहा. वारांचे आकडे वेगळ्या रंगात, रवीवर एक, सोमावर दोन, शनीवर सात. दोन्ही आकडे एकाच रंगात दिलेत तर मुलं मांडणीचा क्रम आणि वारांचा क्रम एक समजतील. आणि पृथ्वी वर्तुळावर नको, मध्यबिंदूला.

कोकणकडा

चंद्राच्या कला कोपऱ्यात तरी काढा हो. सात तिथूनच सुचले नाहीत, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.