स्केचअप मॉडेलवरून शीट तयार करताना दृश्याचे नियंत्रण सीनकडे असावे की लेआउटकडे?

मृण्मयी: १५ मीटर लांब आणि ११ मीटर रुंद अशा बंगल्याचे मॉडेल तयार आहे. सादरीकरणासाठी ए३ कागदावर १:५० प्रमाणात शीट हवी आहेत. प्रत्येक दृश्यासाठी स्केचअपमध्ये स्वतंत्र सीन करावा, की दोन-तीन सीनवर भागवून उरलेले बदल लेआउटमध्ये करावेत?

रेखांकनकार: स्वतंत्र सीनच करावेत, असे माझे ठाम मत आहे. १:५० ला तुमचा प्लॅन कागदावर ३०० × २२० मिलिमीटर होतो. आडव्या ए३ कागदाची उंची २९७ मिलिमीटर असल्यामुळे मोजमापे, समास आणि शीर्षकपट्टी यांना वर-खाली मिळून जेमतेम ७७ मिलिमीटर उरतात. इतक्या घट्ट मांडणीत चित्र जरासे सरकले तरी शीट बिघडते.

जमिनीपासून सुमारे १.२ मीटरवर सेक्शन प्लेन ठेवा, Camera मेनूतून Parallel Projection आणि Top निवडा आणि या दृश्याचा ‘प्लॅन-रेषा’ हा सीन साठवा. कॅमेरा मुळीच न हलवता रंग व सावल्या चालू करून, स्टाइल वेगळ्या नावाने साठवून, ‘प्लॅन-रंग’ हा दुसरा सीन करा. लेआउटमध्ये रंगाचा व्ह्यूपोर्ट खाली Raster मध्ये आणि रेषांचा व्ह्यूपोर्ट वर Vector मध्ये, Background बंद करून, अगदी त्याच जागी बसवा. Vector मध्ये सावल्या आणि टेक्श्चर दिसत नाहीत, तर Raster च्या बारीक रेषा छापल्यावर तितक्या स्वच्छ येत नाहीत. म्हणून हा दुहेरी खटाटोप करावा लागतो. यानंतर कोणी लेआउटमध्ये डबल-क्लिक करून एकच व्ह्यूपोर्ट कागदावर एक मिलिमीटर सरकवला, तर प्रत्यक्षातले ५० मिलिमीटर चुकतात आणि रंग भिंतीच्या रेषेबाहेर डोकावू लागतो.

कागदपट: मला हे पटत नाही. प्रत्येक छोट्या फरकासाठी सीन केला तर चार मजल्यांच्या कामात सीनची यादी वाचताही येत नाही. लेआउटमध्ये कॅमेरा, स्टाइल आणि टॅग स्वतंत्रपणे बदलता येतात व हवे तेव्हा सीनप्रमाणे पूर्ववत करता येतात. मग तीच सोय का वापरू नये? शिवाय स्केचअपमध्ये स्टाइल बदलून सीन अद्ययावत करताना जी सूचना येते, तिच्यात घाईने Update the selected style निवडले, तर ती स्टाइल वापरणारे सगळेच सीन बदलतात. तुमच्या पद्धतीतला हा धोका तुम्ही सांगितलाच नाही.

रेखांकनकार: धोका खरा आहे. म्हणूनच मी Save as a new style निवडतो आणि स्टाइलला शीटच्या कामावरून नाव देतो. स्टाइलपुरते तुमचे म्हणणे मी मान्य करीन, परंतु टॅगच्या बाबतीत नाही. लेआउटमध्ये टॅग बदलला की त्या बाबतीत तो व्ह्यूपोर्ट सीनचे ऐकणे थांबवतो. पुढे तुम्ही सीनमध्ये फर्निचरचा टॅग बंद करून Update Model Reference दिले, तरी त्या एका शीटवर फर्निचर तसेच राहते आणि बाकीच्या शीटवरून नाहीसे होते. मॉडेल बरोबर असूनही दोन शीट एकमेकांशी जुळत नाहीत, आणि हे सहसा छापल्यानंतरच ध्यानात येते.

समीर_इंटेरिअर: माझीही अशीच अडचण आहे. दिवाणखान्याचे देखणे परस्पेक्टिव्ह दृश्य शीटवर घेतले, पण त्याला १:५० लावायला गेलो की दृश्यच सपाट होऊन जाते. यासाठी नवा सीन करू का?

रेखांकनकार: समीर, सीन वाढवून हे सुटणार नाही. परस्पेक्टिव्हमध्ये जवळचा सोफा आणि दूरची खिडकी वेगवेगळ्या प्रमाणात दिसतात, त्यामुळे त्या चित्राला एकच प्रमाण असू शकत नाही. लेआउटमध्ये प्रमाण लावायचे तर Ortho, म्हणजे समांतर प्रक्षेप, चालू असावा लागतो, म्हणून ते सपाट होते. ते चित्र प्रमाणाविना ठेवा आणि मोजमापे शेजारच्या एलेव्हेशनवर द्या.

मृण्मयी: प्लॅन-रेषा आणि प्लॅन-रंग असे दोन सीन केले, दोन्ही व्ह्यूपोर्ट जुळले. मात्र नंतर स्केचअपमध्ये जिना तपासायला झूम केले आणि सीनच्या टॅबवरूनच Update दिले. आता लेआउटमध्ये रेषांचे चित्र चौकटीत बाजूला गेले आहे.

रेखांकनकार: टॅबवरून Update दिल्यामुळे झूम केलेला कॅमेराही साठवला गेला. प्लॅन-रंग या सीनवर जा, म्हणजे मूळ कॅमेरा परत येईल. मग Scenes पॅनेलमध्ये प्लॅन-रेषा हे नाव फक्त एकदा क्लिक करून निवडा, तेथील अद्ययावत करण्याचे बटण दाबा आणि येणाऱ्या चौकटीत केवळ Camera Location ची खूण ठेवा. यापुढे टॅग किंवा स्टाइल बदलताना नेमकी तीच खूण काढून टाकत जा. लेआउटमध्ये Preserve Scale on Resize चालू आहे ना, तेही पाहा. नाहीतर चौकटीचा कोपरा ओढताच प्रमाण बदलते.

कागदपट: ही दुरुस्ती योग्य आहे, परंतु माझा मुद्दा तिनेच बळकट होतो. कॅमेऱ्याचे नियंत्रण लेआउटकडे असते, तर स्केचअपमधल्या एका झूममुळे शीट हलली नसती. टॅग सीनकडे ठेवण्याचे मी मान्य करतो; कॅमेरा मात्र मी लेआउटमध्येच बदलून ठेवीन, आणि दोन थर हवे असतील तेव्हा एकाच व्ह्यूपोर्टची प्रत काढून तिची फक्त स्टाइल बदलीन.