मदत हवी आहे: तेलाने भाजल्यावर बोटाच्या सांध्यावर फोड आलाय

आज दुपारी वडे तळताना आईच्या उजव्या हातावर कढईतलं तेल उडालं. लगेच बांगड्या आणि अंगठी काढून हात नळाच्या धारेखाली 20 मिनिटं धरला. बर्फ, टूथपेस्ट, हळद काहीही लावलेलं नाही. नंतर क्लिंग फिल्म सैलसर ठेवली आणि पॅरासिटामॉल दिली.

मनगटाजवळ नुसतं लाल आहे, त्याची फारशी चिंता नाही. चिंता आहे ती तर्जनीच्या मधल्या पेराची. तिथे रुपयाच्या नाण्याएवढा फोड आलाय, आतलं पाणी स्वच्छ आहे, बोट वाकवलं की कातडी ताणते. हात लावला की चांगलंच दुखतं. पांढरट किंवा बधिर भाग नाही. शेजारच्या काकू सुईने फोडायला सांगतायत, पण वरची कातडी जंतूंना अडवते म्हणून मी हात लावू दिला नाही.

आईला मधुमेह आहे आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवत नाही. आम्ही कोथरूडला राहतो, आज रविवार, आमच्या डॉक्टरांचा दवाखाना उद्या उघडेल. सांध्यावरचा फोड आणि त्यात मधुमेह, तर उद्यापर्यंत थांबलं तर चालेल, की आज रात्रीच ससूनच्या कॅज्युअल्टीत न्यावं?