वर्गणी कापली गेली नाही, तर ऑनलाइन खेळ किती दिवस चालू ठेवावा?

दर्यातला गडी (मालवण)
माझ्या ॲन्ड्रॉइड फोनवर फुटबॉलचा खेळ आहे, मासिक वर्गणी 299 रुपये. 5 जूनला रिन्यूअल होतं, पण पैसे कापलेच गेले नाहीत. 1 जूनपासून ट्रॉलर बंद, खात्यात दोनशेसुद्धा नव्हते. तरी खेळ चालू राहिला. 10 तारखेला हातात पैसे आले, लगेच भरले. पुढची तारीख बघतो तर 5 जुलैच! म्हणजे 299 ला पंचवीसच दिवस. ही सवलत की चलाखी? आणि भरले नसते तर नक्की कधी बंद पडलं असतं? माझं मत विचाराल तर मासेमारी बंदीच्या दिवसांत निदान महिनाभर तरी थांबायला हवं.

काजूची बी (कुडाळ)
चलाखी कसली? 5 ते 10 तू खेळलास ना? मग त्या पाच दिवसांचे पैसे कोण देणार? दुकानात उधारीवर नारळ नेलेस आणि पाच दिवसांनी पैसे दिलेस, तर पाच दिवसांचे नारळ फुकट का?
महिनाभर थांबायचं म्हणशील, तर अर्धं गाव दर महिन्याला तेच करील. फुकट खेळायचं, मग बंद करायचं.

मांडवी किनारा (रत्नागिरी)
यात मतं कशाला मांडायची, नियम आहे. ऑटोपेचे पैसे कापण्याच्या 24 तास आधी मेसेज यायलाच हवा आणि नाही कापले गेले तर सात दिवस सेवा बंद करता येत नाही. रिझर्व्ह बँकेने 2021 पासून लावलंय.

भाऊंचो झील (वेंगुर्ला)
माका वाटला तू वायफायच्या बिलाबद्दल इचारतंस. आमचो केबलवालो पंधरा दिस थांबता, मगे येवन वायर काढून नेता. तुज्याकडचो खंयचो आसा?

परतलेला चाकरमानी (गुहागर)
पुण्यात सहा वर्षं मोबाइल गेमच्या वर्गणीचंच काम केलं, म्हणून थोडं सांगतो.

मांडवीकर, पहिलं अर्धं बरोबर. 24 तास आधीची सूचना हवीच, आणि 15,000 रुपयांपर्यंतचा ठरावीक हप्ता दरवेळी ओटीपी न मागता कापता येतो. पण ते नियम पैसे कसे कापायचे यापुरते. न कापलेल्या पैशांवर खेळ किती दिवस चालवायचा, याबद्दल ते काही सांगत नाहीत. तुम्हाला कुठे सात दिवस मिळाले असतील, तर ते खेळवाल्याने दिलेले.

गड्या, पैसे अडकल्यावर दोन टप्पे असतात. पहिला ग्रेसचा: पैसे आलेले नाहीत, तरी सगळं चालू. हा किती दिवसांचा, ते प्ले स्टोअरवर खेळ बनवणारा स्वतः निवडतो. म्हणून दोन खेळ, एकच फोन, एकच खातं, तरी मुदत वेगळी. त्यानंतर वर्गणी होल्डवर जाते. ऑनलाइन दार बंद, पण वर्गणी मेलेली नसते. पैसे भरलेस की तीच परत उभी राहते.

आता तुझ्या तारखा. समज, तुझ्या खेळाने सात दिवस ठेवलेत, म्हणजे 12 जूनपर्यंत. तू 10 ला भरलेस, ग्रेसच्या आत. अशा वेळी मूळ तारीख हलत नाही, म्हणून 5 जुलै. पण तू 20 ला भरले असतेस, तर 12 ते 20 खेळ बंद राहिला असता आणि पुढची तारीख 20 जुलै पडली असती. होल्डमधून बाहेर आलं की महिना भरल्या दिवसापासून मोजतात.

काजूची बी (कुडाळ)
थांबा हं. म्हणजे वेळेत भरणाऱ्याला पंचवीस, आणि जो 20 पर्यंत ताणतो त्याला पूर्ण महिना, वर 5 ते 12 फुकट? हे उलटंच झालं की! मी मघाशी नारळाचं म्हटलं ते मागे घेते. नारळवाला निदान उशिरा देणाऱ्याला बक्षीस देत नाही.

परतलेला चाकरमानी (गुहागर)
गणित बरोबर आहे तुमचं. आमच्याकडेही यावरून भांडणं व्हायची. काही जण म्हणायचे ग्रेस ठेवूच नका. माझं म्हणणं उलट होतं: पैसे न कापले जाण्यामागे बुडवेगिरीपेक्षा जास्त वेळा संपलेलं कार्ड किंवा रिकामं खातं असतं, आणि दार बंद झालेला माणूस परत येईलच असं नाही. शिवाय ताणणाऱ्याचे आठ दिवस बुडतातच. सीझन चालू असेल तर रँक घसरते.

हर्णै बंदर
माझं सांगतो. माझा प्लेस्टेशन आहे. गेल्या पावसाळ्यात कार्ड संपलं, नवीन टाकायचं राहिलं. मुदत संपली आणि मित्रांबरोबरचा सामना लागेचना. मी राउटर दोनदा बंद-चालू केला, म्हटलं वीज गेल्यापासून नेट गंडलंय. अख्खी संध्याकाळ गेली! मग लक्षात आलं, डिस्कवरचा एकट्याने खेळायचा खेळ चालतोय, फुकटवाला ऑनलाइन खेळही चालतोय, फक्त विकत घेतलेल्या खेळाचं ऑनलाइन अडतंय. म्हणजे नेट नाही, वर्गणी.

परतलेला चाकरमानी (गुहागर)
ओळखायची हीच उत्तम खूण. प्लेस्टेशनवर फुकट ऑनलाइन खेळांना वर्गणी लागतच नाही. एक्सबॉक्सवरही 2021 पासून लागत नाही.

मांडवी किनारा (रत्नागिरी)
ठीक, सात दिवसांचं माझं चुकलं. पण मग आयफोनवरही असंच का? भाच्याचा खेळ त्याच दिवशी बंद झाला होता.

परतलेला चाकरमानी (गुहागर)
तिथे ग्रेस द्यायचा की नाही हेच खेळवाल्याच्या हातात. चालू केला तर 3, 16 किंवा 28 दिवसांतून निवडायचं. चालू केलाच नाही, तर मुदत संपली की दार बंद. पण ॲपल मात्र 60 दिवसांपर्यंत पैसे कापायचा प्रयत्न करत राहतं. खेळ बंद पडला म्हणजे वर्गणी आपोआप सुटली असं लोक धरून चालतात. दीड महिन्याने खात्यात पैसे येतात आणि नको असलेली वर्गणी कापली जाते. नको असेल तर जाऊन रद्दच करायची. ॲन्ड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर दाबून `Payments & subscriptions`, मग `Subscriptions`. वर्गणी कुठल्या टप्प्यात आहे तेही तिथेच दिसतं.

दर्यातला गडी (मालवण)
आत्ता बघितलं, आईच्या फोनवर माझीच एक जुनी वर्गणी लटकलेली आहे. केली रद्द.
पण काजूताई, माझं मत बदललेलं नाही. 31 जुलैपर्यंत आमच्याकडे पैसा येत नाही, हे खेळवाल्याला कसं कळणार? सात दिवस म्हणजे पगारदाराचा हिशोब.

काजूची बी (कुडाळ)
आणि त्याने तुझ्यासाठी दोन महिने थांबावं? मग बंदीत वर्गणी थांबवून ठेव ना. 1 जूनच्या आधी रद्द कर, ऑगस्टमध्ये परत घे.

दर्यातला गडी (मालवण)
बंदीतच तर खेळायला वेळ असतो, ताई.

भाऊंचो झील (वेंगुर्ला)
ह्यां मात्र खरां.